काळ्या दोऱ्याची छटा उतरत नाही, पट्टे पडतात: काय तपासायचे आणि कुठे थांबायचे

ब्लॅकवर्कमधली, म्हणजे पांढऱ्या कापडावर धागे मोजून काळ्या दोऱ्याने केलेल्या भरतकामातली, हीच एक तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. टाके नीट, मोजणी नीट, मागची बाजूसुद्धा स्वच्छ, आणि तरी चित्र चपटे. सवयीने मी हल्ली कापड हातात घेण्याआधीच विचारते, "लांबून कसे दिसते?" उत्तर साधारण पुढच्यापैकी एक असते.

सगळे एकाच राखाडी रंगाचे दिसते. गडद भाग कुठला आणि उजेडाचा कुठला ते कळत नाही. किंवा छटा दिसते, पण पायऱ्यांसारखी: इथपर्यंत काळे, मग एक रेघ, मग एकदम पांढरे. किंवा पांढऱ्या भागात मळकट डाग दिसतात, जे धुऊनही जात नाहीत. किंवा गोल वस्तू गोल न दिसता उभट किंवा बसकी दिसते. या चारांपैकी दुसरी तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचे खरे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्यावरच मी जास्त लिहिणार आहे.

ज्यांनी धारवाडकडची कसुती पाहिली आहे त्यांना हे काम परके वाटणार नाही. कसुतीतली गवंती आणि ब्लॅकवर्कमधला होल्बाइन टाका हे एकच: एकदा धावदोरा घालत जायचे आणि परत येताना मोकळी राहिलेली घरे भरायची. हान्स होल्बाइन या चित्रकाराने सोळाव्या शतकात इंग्लंडच्या दरबारी माणसांची चित्रे काढली, त्यांच्या कॉलरवर आणि मनगटावर हे काम इतके बारकाईने रंगवलेले आहे की टाक्याला त्याचेच नाव पडले. फरक असा, की कसुतीत आकृती महत्त्वाची, आणि इथे आपण भरणीच्या नक्षीतून उजेड-सावली काढायला बघतो. रंग एकच, काळा. दोऱ्याची जाडीही एकच. मग छटा येणार कुठून? तेवढ्याच जागेत किती रेघा बसवल्या त्यावरून, बस. ही एक गोष्ट धरून ठेवली तर पुढचे सगळे सोपे जाते.

मोजमाप आधी ठरवून घेऊ. मी २८ काउंटचे इव्हनवीव्ह वापरते, म्हणजे एका इंचात उभे २८ आणि आडवे २८ धागे. दोन धाग्यांवर एक टाका घातला की इंचात १४ टाके. या दोन धाग्यांच्या चौकोनाला मी 'घर' म्हणते. नक्षीचा जो तुकडा पुन्हा पुन्हा येतो त्याला 'खण'. माझा खण चार घरे रुंद आणि चार घरे उंच, म्हणजे १६ घरांचा.

आधी फुकटातले: लांब उभे राहा

कापड रिंगमधून काढा, ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवा आणि आठ-दहा फूट मागे या. डोळे अर्धवट मिटून बघा. जवळून डोळा नक्षी वाचतो, चौकटी आणि फुल्या मोजत बसतो; छटा दिसायला त्या रेघा एकमेकींत मिसळाव्या लागतात. निम्म्या लोकांची तक्रार इथेच संपते, कारण त्यांनी काम फक्त मांडीवर धरून पाहिलेले असते. जागा नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. फोटो उलटा फिरवला तर आणखी बरे. कळशी आहे की भोपळा हे डोक्यातून जाते आणि नुसते काळे-पांढरे उरते.

हे दिवसाच्या उजेडात करा. आमच्याकडे जूनपासून चार महिने अकरा वाजताही संध्याकाळ असते, आणि पिवळ्या बल्बखाली पांढरे कापडही पिवळट दिसते, त्यामुळे फिकट टाके आणि रिकामे कापड यांतला फरक बुजतो. पावसाळ्यात मी खिडकीशी नेऊनच निकाल देते.

मळकट डाग: कापड उलटा

पांढऱ्या भागातला डाग धुण्याने जात नसेल तर तो बहुतेक डाग नाहीच. मागून गेलेला दोरा आहे. कापड एकदा पांढऱ्या कागदावर ठेवा आणि एकदा हातात धरून खिडकीकडे करा. उजेडाकडे धरल्यावर रेघ दिसते, म्हणजे एका गडद खणातून दुसऱ्या गडद खणात जाताना तुम्ही दोरा मोकळ्या जागेमागून ओढला आहे. आपण इतक्या कष्टाने जिथे रेघा कमी ठेवतो तिथेच ही एक चोरटी रेघ येऊन बसते. विरळ भागात खणात दोन-तीनच टाके असतात, त्यामुळे मागचा एक दोरा म्हणजे तिथे जवळजवळ दुप्पट भरणी.

उपाय स्वस्त आहे. मागचा दोरा कापा, दोन्ही टोके जवळच्या टाक्यांखाली दोन-तीनदा फिरवून बसवा. यापुढे रिकाम्या जागेवरून दोन घरांपेक्षा लांब उडी मारू नका. दोरा संपवून नवा घ्या. दोरा जातो थोडा, पण अँकरच्या एका लडीत आठ मीटर असतो आणि सहा पदर सुटे केले की बराच पुरतो.

दोऱ्याचा विषय निघालाच आहे तर तेही इथेच बघून घ्या. सगळीकडे पदर तितकेच आहेत का? एक पदरी कामात मध्येच कुठे दोन पदर गेले असतील तर तेवढा तुकडा ठिपक्यासारखा उठून दिसतो. आणि दोरा कोपरापर्यंतच घ्या, साधारण ४० सेंटिमीटर. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन पिंजतो, पिंजलेला दोरा जाड आणि करडा दिसतो, आणि मग एकाच खणाच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगळी छटा येते.

मधली भिंत: खणातले टाके मोजा

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी पलीकडच्या वाड्यावरची एक मुलगी पितळेची कळशी भरून घेऊन आली. चिंचेने घासून ओसरीवर पालथी घातलेली कळशी असते ना, डाव्या खांद्यावर उजेडाचा एक पट्टा आणि उजवीकडे काळोख, तेच तिला हवे होते. "काकी, बघ ना, मधेच भिंत उभी राहिली," म्हणाली. आणि खरेच, कळशी म्हणजे अर्धी काळी, अर्धी पांढरी, जणू कुणी सुरीने कापली होती.

तिची नक्षी चांगली होती. सगळ्यात गडद खणात चार घरांची चौकट, आत मध्यभागी एक अधिकचे चिन्ह, त्या चिन्हाची चार टोके जोडणारा तिरका हिरा, आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून आत येणारा एकेक तिरका टाका. फिकट करत जाताना तिने एकेक वस्तू काढली होती, आणि ही पद्धत अगदी बरोबर आहे, कारण मुख्य चौकट कायम राहते आणि एका नक्षीतून दुसरी सहज उगवते. आधी कोपऱ्यांतले टाके गेले, मग हिरा गेला, मग अधिक गेले. उरली नुसती चौकट. त्यापुढे रिकामे कापड.

मी तिला कागद-पेन्सिल दिली आणि खण मोजायला सांगितले. चौकट शेजारच्या खणाशी वाटून घेतलेली असते, म्हणून प्रत्येक खणाच्या वाट्याला फक्त वरची आणि डावी बाजू धरायची: चार अधिक चार, आठ टाके. अधिकचे चार. हिऱ्याचे चार आणि कोपऱ्यांचे चार, पण हे तिरके. घराच्या कर्णावरचा टाका सरळ टाक्यापेक्षा लांब असतो, सुमारे १.४ पट, म्हणून हे चार टाके साडेपाच सरळ टाक्यांएवढे काळे करतात. हे धरून तिचा हिशेब असा आला: पूर्ण खण २३, कोपरे काढल्यावर १८, हिरा काढल्यावर १२, नुसती चौकट ८. आणि मग शून्य.

ती म्हणाली, "पाच-सहा, पाच-सहाच तर कमी केलेत." वजाबाकीने बरोबर आहे. पण डोळा वजाबाकी करत नाही, पटीने बघतो. २३ वरून १८ वर आलात तर रेघा पाचातली एक कमी झाली. नजर सरकत जाते. ८ वरून शून्यावर आलात तर होते ते सगळेच गेले. गडद बाजूला पाच टाक्यांचा फरक कुणाला कळत नाही, आणि उजळ बाजूला दोन टाक्यांचा फरकसुद्धा ओरडून सांगतो. म्हणून पायऱ्या उजळ बाजूला दाट हव्यात. आपण नेमके उलटे करतो, कारण गडद नक्षीत काढायला वस्तू भरपूर असतात आणि नुसती चौकट उरली की आता आणखी काय काढणार असे वाटते.

पण चौकटही सुटी करता येते. तिच्या उभ्या बाजूचे मधले दोन टाके काढा, ८ चे ६ झाले. आडव्या बाजूचेही मधले दोन काढा, ४ उरले: आता चौकट दिसत नाही, फक्त जिथे तिचे कोपरे मिळत होते तिथे एकेक अधिक उभे आहे. त्या अधिकचा एक हात काढला की ३. समोरचाही काढला की २, नुसती छोटी आडवी रेघ. आता पूर्ण शिडी बघा: २३, १८, १२, ८, ६, ४, ३, २. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा साधारण दीडपट कमी किंवा त्याहून थोडी लहान. कुठेही भिंत नाही. आणि सगळ्यात विरळ रेघसुद्धा त्याच चौकटीच्या ओळीवर पडते, त्यामुळे नक्षी बदलली असे कुठेच वाटत नाही.

तुमची नक्षी वेगळी असेल. आकडे वेगळे येतील. एका खणातले टाके मोजा, तिरक्यांना दीडाच्या जरा आत धरा, आणि लगतच्या दोन आकड्यांचा भागाकार करा. जिथे उत्तर दोनच्या वर जाईल तिथे भिंत दिसणार, हे कापड न बघताही सांगता येते.

आता तिची कळशी उसवायची का? हा प्रश्न सगळे घाबरत विचारतात. तिची कळशी पोटात ४० घरे रुंद, म्हणजे दहा खण. डावीकडून पहिले तीन खण रिकामे, मग दोन खण ८ चे, दोन १२ चे, एक १८ चा, शेवटचे दोन २३ चे. नव्याने काढली असती तर वेगळी मांडली असती, पण उसवणे नेहमी शेवटचा उपाय. म्हणून आम्ही रिकाम्या भागात भर घातली: पहिल्या खणात ३, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४. चौथ्या खणात चौकटीच्या डाव्या उभ्या बाजूचे मधले टाके काढून ६ केले. ती आठ खणांची उभी रांग होती, म्हणजे उसवले फक्त सोळा टाके. पाचवा खण ८ वर तसाच राहिला आणि उजवीकडच्या भागाला हातही लावला नाही. दोनावरून चारावर जाणारी उडी जरा मोठी आहे हे मान्य, पण घासलेल्या पितळेवर उजेडाचा पट्टा तसाच टोकदार असतो, तिथे ती शोभली. मातीची घागर असती तर मध्ये तीनची पायरी घ्यायला लावली असती.

पहिल्या खणात दुसऱ्यापेक्षा जास्त टाके का, असे तिने विचारले. गोल वस्तूवर सगळ्यात उजळ जागा कडेला नसते, थोडी आत असते. कड अगदी पांढरी सोडली की कळशी कापडात विरघळते आणि मग जाड बाह्यरेषा घालून ती वाचवावी लागते. उलट उजव्या कडेला शेवटचा खण १८ वर ठेवता आला असता तर जमिनीवरून परत येणारा उजेड दिसला असता. तेवढे राहिले.

पायऱ्या बरोबर, तरी उभ्या रेघा दिसतात

आकडे ठीक आणि तरी पट्टे, तर हद्द बघा. एक भरणी सगळ्या रांगांत एकाच खणाशी संपवली की वरपासून खालपर्यंत सरळ शिवण दिसते. एका रांगेत हद्द एक खण पुढे न्या, पुढच्या रांगेत एक खण मागे घ्या, दोन्ही नक्षी बोटांत बोटे घातल्यासारख्या एकमेकींत शिरू द्या. रांगा अगदी एकाआड एक नकोत, नाहीतर दातेरी करवत दिसते. भर घालूनच हे जमते. उसवावे लागत नाही.

नक्षी जुळत नाही: एक धागा कुठे गेला

इथून पुढे काम कष्टाचे. दोन बाजूंनी भरत आलेल्या चौकटी मध्यभागी मिळत नसतील तर कुठेतरी दोनऐवजी तीन किंवा एकच धागा उचलला आहे. डोळ्यांनी शोधत बसू नका. फिकट निळ्या शिवणाच्या दोऱ्याने दर २० धाग्यांवर उभा आणि आडवा धावदोरा घाला, म्हणजे दर दहा घरांना एक खूण. मग प्रत्येक खुणेच्या आत दहा टाके आहेत का एवढेच बघायचे. चूक एका चौकोनात अडकते. खरे तर या खुणा सुरुवातीलाच घालाव्यात. मी स्वतः दोन कामे वाया घालवल्यावर शिकले.

चूक सापडल्यावर लगेच कात्री घेऊ नका. ती २३ किंवा १८ च्या भागात असेल तर जवळच्या खणात एक धागा इकडेतिकडे करून सामावून घ्या. दाट भरणीत ती कुणाला दिसत नाही. ६ च्या खालच्या भागात असेल तर उसवा, तिथे प्रत्येक टाका एकटा उभा असतो. उसवताना टोकाकडून दोरा मागे ओढू नका, काळी लव कापडात शिरते आणि पांढऱ्यावर करडी झाक राहते. प्रत्येक टाका मधोमध कापा, चिमट्याने वर उचला, आणि उरलेली लव चिकटपट्टी दाबून काढा.

कळशीची सुरई झाली

हे तपासायला पट्टी पुरते, पण दुरुस्ती जवळजवळ नाही, म्हणून शेवटी ठेवले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुंदर जाडसर सुती कापड मिळते, स्वस्तही असते, आणि दिसायला अगदी इव्हनवीव्ह. घरी आल्यावर उभे पाच सेंटिमीटर आणि आडवे पाच सेंटिमीटर धागे मोजा. २८ काउंटला दोन्हीकडे ५५ च्या आसपास यायला हवेत. माझ्या एका तुकड्यात रुंदीत ५५ आले आणि उंचीत ४८. आठ धाग्यांची चौकट रुंदीला ७.३ मिलिमीटर आणि उंचीला ८.३. एका चौकटीत काय कळणार? दहा चौकटींत आकृती एक सेंटिमीटरने उंच झाली.

छटेवरही परिणाम होतो, तो कमी लोकांना माहीत असतो. अशा कापडावर उभ्या रेघा जवळ जवळ पडतात आणि आडव्या लांब लांब. मग सहाची पायरी उभ्या बाजू ठेवून केली की गडद दिसते, आडव्या ठेवून केली की फिकट. आकडा तोच आणि छटा दोन. काम सुरू झाले नसेल तर कापड फिरवून बघा: बसकी वस्तू असेल तर जास्त धाग्यांची बाजू उंचीत घ्या, उभट असेल तर रुंदीत. पन्नासात दोन धाग्यांचा फरक सोडून द्या. सातांचा फरक म्हणजे त्या कापडाचे टेबलमॅट करा.

निकालाआधी कापड रिंगमधून काढून ओल्या फडक्याने हलकेच ओलसर करून सपाट वाळवा. घट्ट रिंगमध्ये तिरके ताणलेले कापडही वाकडे दिसते आणि सुटे झाल्यावर सरळ होते. आमच्या दमट हवेत रिंग आठवडाभर कापडावर ठेवू नका; तिचा वळ आणि स्क्रूचा गंज दोन्ही उमटतात. कापडात खोचून ठेवलेल्या सुईचेही तेच.

इथे थांबा

उसवताना कापडाचाच धागा कापला गेला तर थांबा. एक धागा तुटला असेल तर कडेचा धागा काढून सुईने जागच्या जागी विणता येतो, तेवढे घरी करा. दोन-तीन लागोपाठ तुटले असतील तर रफूगराकडे न्या, आणि सोबत त्याच कापडाची कड द्या, त्याला धागे तिथूनच काढायचे असतात. भोक ताणून वर टाके घालायला जाऊ नका. मोजणीचा पाया गेला की वर काहीही घातले तरी ते हलते.

धुताना काळा रंग पसरला तर कापड वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. उष्णतेने डाग पक्का होतो. थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. तरी राहिला तर ब्लीचचा प्रयोग न करता ओलेच चांगल्या ड्रायक्लीनरकडे न्या आणि दोरा सुती आहे की रेशमी ते सांगा.

घरातल्या पेटीत आजीच्या वेळचे किंवा चर्चच्या आल्तारावरचे जुने काळे भरतकाम निघाले, तर वरचे काहीही करू नका. जुना काळा रंग बऱ्याचदा लोखंडाच्या क्षाराने बसवलेला असायचा आणि तो रेशीम आतून खातो. हात लावला की दोरा भुकटी होऊन पडतो आणि कापडात नुसती टाक्यांची भोके उरतात. धुवू नका, घडी घालू नका, सुटलेला टाका नव्या दोऱ्याने भरू नका. बिनआम्लाच्या पातळ कागदात सपाट ठेवून संग्रहालयाकडे जुन्या वस्त्रांच्या जतनतज्ज्ञाची चौकशी करा.

आणि चाळिशी उलटल्यावर मोजणी अचानक चुकायला लागली, दर दोन रांगांनी एक धागा निसटायला लागला, तर कापड, सुई, नक्षी कशालाही दोष देण्याआधी डोळे तपासून घ्या. मी सहा महिने कापड बदलत राहिले होते. जवळचा नंबर निघाला, दीडचा.